अक्षरमर्यादा आणि मराठी शीर्षक: मोजमापाची एकके व काटछाटीची रीत

डिजिटल माध्यमांवर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक मजकुराला शीर्षक, वर्णन आणि चित्रओळ अशी तीन लहान अंगे असतात, आणि या तिन्ही अंगांची लांबी प्रत्येक मंचाने आपापल्या नियमाने बांधून दिलेली असते. यूट्यूबवरील शीर्षक १०० वर्णांपर्यंत स्वीकारले जाते, इन्स्टाग्रामवरील चित्रओळीला २२०० वर्णांची मुभा आहे, एक्सवरील सर्वसाधारण खात्याची नोंद २८० वर्णांत संपवावी लागते, तर गुगलच्या प्ले स्टोअरवर अ‍ॅपचे नाव ३० वर्णांत आणि लघुवर्णन ८० वर्णांत बसवावे लागते. असे आकडे पाठ करून काम भागते असा समज रूढ आहे. परंतु मराठी मजकुराच्या बाबतीत तो दोन कारणांनी अपुरा पडतो. ‘वर्ण’ म्हणजे नेमके काय मोजायचे याविषयी मंचामंचांत एकमत नाही, हे पहिले कारण. आणि मजकूर आखडताना मराठी शब्द आपले रूपच बदलतो, हे दुसरे. प्रस्तुत लेखात या दोन्ही कारणांचा आढावा घेतला असून, मुख्य शोधशब्द, म्हणजे वाचक शोधपेटीत जो शब्द लिहितो आणि ज्याला व्यवहारात कीवर्ड म्हणतात तो, अबाधित राखून काटछाट कशी करता येते, हे एका उदाहरणावर तपासले आहे.

दोन प्रकारच्या मर्यादा

आरंभी दोन मर्यादांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली स्वीकारमर्यादा होय: तिच्यापलीकडचा मजकूर मंच घेतच नाही, किंवा घेतला तर शेपूट कापून घेतो. दुसरी दृश्यमर्यादा होय: मजकूर पूर्ण जतन होतो, परंतु यादीत किंवा शोधनिकालात त्याचा आरंभीचा भागच दिसतो आणि उरलेला तीन टिंबांमागे किंवा ‘आणखी’ या दुव्यामागे जातो. इन्स्टाग्रामची चित्रओळ २२०० वर्णांची असू शकत असली, तरी सरकत्या यादीत तिच्या पहिल्या एकदोन ओळीच वाचकासमोर येतात. यूट्यूबच्या वर्णनाचीही हीच गत आहे. गुगलच्या शोधनिकालात तर शीर्षकाला स्वीकारमर्यादा मुळी नाहीच. गुगलच्या मार्गदर्शनानुसार पानाचे शीर्षक कितीही लांब असू शकते, मात्र निकालात ते उपकरणाच्या रुंदीत मावेल एवढेच दाखवले जाते. तेव्हा ‘गुगलचे शीर्षक ६० वर्णांचे असावे’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम गुगलने घातलेला नसून, रोमन लिपीतील शीर्षके साधारण कोठे कापली जातात हे पाहून व्यावसायिकांनी काढलेला तो अंदाज आहे.

या मर्यादा स्थिरही नसतात. ट्विटरची मूळ १४० वर्णांची मर्यादा मोबाइलवरील लघुसंदेशातून आली होती, कारण लघुसंदेशाच्या १६० वर्णांपैकी २० वर्ण वापरकर्त्याच्या नावासाठी राखून ठेवलेले होते. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ती दुप्पट झाली. गुगलने डिसेंबर २०१७ मध्ये शोधनिकालाखालील वर्णनाची लांबी सुमारे दुप्पट केली आणि मे २०१८ मध्ये ती पुन्हा पूर्ववत आखडली, तेव्हा मधल्या काळात ज्यांनी आपली सर्व वर्णने ३०० वर्णांपर्यंत वाढवली होती त्यांचे श्रम वाया गेले. प्ले स्टोअरने २०२१ मध्ये अ‍ॅपच्या नावाची मर्यादा ५० वरून ३० वर आणली. यावरून एवढे निश्चित होते की आकड्याच्या काठोकाठ भरलेला मजकूर नेहमीच धोक्यात असतो, आणि ज्याच्या आरंभीच अर्थ पूर्ण होतो तो मजकूर आकडा बदलला तरी टिकतो.

एक शब्द, चार मोजमापे

मराठी वाचक ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरे मोजतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र हा शब्द दहा खुणांचा आहे: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व आणि र. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात अशा प्रत्येक खुणेला स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकाला येथे संकेतबिंदू म्हटले आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षर घडवणारा अदृश्य हलन्त हे सर्व एकेक संकेतबिंदू व्यापतात. साठवणुकीच्या पातळीवर, आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू तीन बाइट घेतो, तर रोमन अक्षर, साधी मोकळी जागा आणि स्वल्पविराम एकेकच बाइट घेतात. म्हणजे ‘ज्ञानेश्वर’ तीस बाइटांचा होतो. चौथे मोजमाप पडद्यावरील रुंदीचे, म्हणजे पिक्सेलचे.

वाचकाला एकसंध दिसणाऱ्या अक्षराची सीमा कोठे मानावी याचा नियमही युनिकोडमध्ये आहे, परंतु तो अलीकडेपर्यंत मराठीला पुरता मानवणारा नव्हता. जुन्या नियमानुसार हलन्तानंतर सीमा पडत असे, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ची ज्, ञा, ने, श्, व, र अशी सहा अक्षरे होत. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीतील जोडाक्षरे एकत्र धरण्याचा नियम जोडला आणि तेव्हापासून ती संख्या चार झाली. ज्या प्रणाली अद्ययावत झालेल्या नाहीत, त्या आजही सहाच मोजतात.

मंचांची एकके पाहता हा भेद किती व्यवहाराचा आहे हे कळते. एक्स संकेतबिंदू मोजते. चिनी, जपानी आणि कोरियन अक्षराला तेथे दोन गुण लागतात, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला मात्र एकच, आणि दुवा कितीही लांब असला तरी त्याचे २३ वर्ण धरले जातात. ब्लूस्काय हा मंच याउलट दृश्य अक्षरे मोजतो: नोंदीला ३०० अक्षरांची मर्यादा असून सोबत ३००० बाइटांची दुसरी मर्यादा आहे. यूट्यूबच्या विकासकांसाठीच्या दस्तऐवजात शीर्षकाची मर्यादा १०० वर्ण अशी, तर वर्णनाची मर्यादा ५००० बाइट अशी नोंदलेली आहे. मराठी वर्णनात मोकळ्या जागा धरून प्रत्येक संकेतबिंदूमागे सरासरी अडीच-पावणेतीन बाइट खर्च होत असल्याने, ज्या पेटीत इंग्रजी लेखक ५००० वर्ण लिहू शकतो त्या पेटीत बाइटांच्या हिशेबाने मराठी मजकूर दोन हजारांच्या आतच संपतो. साध्या लघुसंदेशातही हीच विषमता आहे: रोमन लिपीत १६० वर्ण, तर देवनागरीत ७०, कारण संदेशाचा आकार १४० बाइटांचाच असतो आणि तेथे देवनागरीची प्रत्येक खूण दोन बाइट घेते.

ही मोजणी हाताने करण्याची गरज नाही. कोणत्याही आधुनिक ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पुढील ओळी एकेक करून लिहिल्या असता संकेतबिंदू, बाइट आणि दृश्य अक्षरे या क्रमाने तिन्ही संख्या मिळतात:

```
const s = "ज्ञानेश्वर";
[...s].length;
new TextEncoder().encode(s).length;
[...new Intl.Segmenter("mr").segment(s)].length;
```

शेवटच्या ओळीचे उत्तर चार आले तर ब्राउझर नवा नियम पाळतो, सहा आले तर जुना.

रुंदीचा हिशेब याहून निराळा पडतो. ‘पूजेचे’ आणि ‘तातडीत’ हे दोन्ही शब्द सहा संकेतबिंदूंचेच आहेत. परंतु पहिल्यातील उकार अक्षराखाली आणि मात्रा अक्षरावर बसत असल्याने तो तीन अक्षरांच्या जागेत मावतो, तर दुसऱ्यातील काना आणि दीर्घ वेलांटी आडवी जागा घेत असल्याने तो बराच अधिक पसरतो. म्हणून ६० वर्णांचा रोमन अंदाज मराठी शीर्षकाला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरते, आणि लहान पडद्याच्या फोनवर प्रत्यक्ष निकाल पाहणे हीच खात्रीची तपासणी उरते.

चुकीच्या जागी पडलेली कात्री

मंचाने किंवा संकेतस्थळाच्या प्रणालीने मजकूर यांत्रिकपणे कापला की मराठीत तीन प्रकारचे बिघाड उद्भवतात, आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. बाइट मोजून कापले आणि कात्री तीन बाइटांच्या मधोमध पडली, तर शेवटी काळ्या चौकोनातील प्रश्नचिन्हासारखी खूण उमटते. संकेतबिंदू मोजून कापले आणि कात्री जोडाक्षरात पडली, तर ‘पद्धत’ऐवजी ‘पद्’ असा लोंबकळणारा पायमोडका वर्ण शेवटी राहतो. तिसरा बिघाड सर्वांत फसवा आहे, कारण त्यात काहीच बिघडलेले दिसत नाही: कात्री स्वरचिन्हाच्या आधी पडते, उरलेला भाग स्वतंत्र शब्द म्हणून शुद्ध असतो, पण अर्थ पालटतो. ‘कळी’ची वेलांटी गेली की ‘कळ’ उरते आणि फूल जाऊन दुखणे येते. रोमन लिपीत शेवटचे एक अक्षर गळाले तर बहुधा शब्द अपुरा आहे हे कळते; मराठीत ते कळेलच असे नाही.

याच्या जोडीने टंकलेखनातून येणारा एक दोषही लक्षात घ्यावा लागतो. ‘भाकऱ्या’ या शब्दातील चंद्रकोरीसारखा र दोन रीतींनी लिहिला जातो: काही कळफलक त्यासाठी नुक्त्याचा ऱ हा स्वतंत्र संकेतबिंदू वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी मालिका वापरतात. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. मात्र पहिले सात संकेतबिंदूंचे असते आणि दुसरे आठ, आणि युनिकोडच्या दृष्टीने ती समतुल्य नाहीत. शब्दशः जुळणी करणाऱ्या शोधात एका रूपात लिहिलेला शोधशब्द दुसऱ्या रूपाच्या शोधाला सापडत नाही. शीर्षक, वर्णन आणि चित्रओळ वेगवेगळ्या उपकरणांवर लिहिली गेली असतील तर हा दोष हमखास शिरतो.

एका शीर्षकाची काटछाट

गणेशोत्सवापूर्वी प्रसिद्ध होणाऱ्या पाककृतीच्या चित्रफितीसाठी पुढील शीर्षक सुचले आहे असे समजावे: ‘गणपती बाप्पासाठी घरच्या घरी सोप्या पद्धतीने न फुटणारे, कळीदार उकडीचे मोदक कसे करायचे - संपूर्ण कृती आणि टिप्स’. त्याची लांबी १०९ संकेतबिंदू, म्हणजे २८९ बाइट भरते. यूट्यूबची १०० वर्णांची स्वीकारमर्यादा ते नऊ वर्णांनी ओलांडते, आणि मुख्य शोधशब्द ‘उकडीचे मोदक’ हा ६३व्या स्थानापासून ७३व्या स्थानापर्यंत पसरलेला आहे. शेवटचे ‘आणि टिप्स’ एवढेच काढले तर शीर्षक स्वीकारले जाईल. पण यादीत ते जेथे तुटेल तेथपर्यंत वाचकाला गणपती, घर आणि सोपी पद्धत एवढेच दिसेल, आणि पदार्थ कोणता हे तीन टिंबांमागे राहील. शेपटाकडून कापणे ही सर्वांत सोपी काटछाट असली, तरी येथे ती चुकीच्या टोकाकडून होते.

योग्य काटछाट प्रत्येक शब्दसमूहाला एक प्रश्न विचारून होते: हा शब्द गेला तर वाचकाला दुसराच पदार्थ किंवा दुसरीच चित्रफीत अपेक्षित होईल काय? ‘घरच्या घरी’ आणि ‘सोप्या पद्धतीने’ हे शब्द प्रत्येक पाककृतीला लागू पडतात, त्यामुळे ते गेल्याने काहीही बिघडत नाही. ‘संपूर्ण कृती आणि टिप्स’ हे ‘कसे करायचे’ या शब्दांत आधीच सामावलेले आहे. ‘गणपती बाप्पासाठी’ हा प्रसंग उपयुक्त आहे, पण उकडीचे मोदक म्हटले की तो मराठी वाचकाच्या मनात आपोआप येतो, म्हणून त्याची जागा शीर्षकात नसून वर्णनात आहे. ‘कसे करायचे’ हे मात्र राखले पाहिजे, कारण लोक शोधपेटीत बहुधा ज्या शब्दांत प्रश्न लिहितात ते हेच शब्द आहेत. उरते ते या चित्रफितीचे वेगळेपण: पारी, म्हणजे मोदकाचे बाहेरचे आवरण, फुटू नये, आणि कळ्या नीट पडाव्यात. या निवडीतून ‘उकडीचे मोदक कसे करायचे: न फुटणारी पारी, सुबक कळ्या’ असे शीर्षक तयार होते. ते ५० संकेतबिंदूंचे, ३५ दृश्य अक्षरांचे आणि १३० बाइटांचे आहे. शोधशब्द पहिल्या ११ स्थानांत पूर्ण होतो आणि २२व्या स्थानापर्यंत प्रश्नही पूर्ण होतो. हे शीर्षक विसर्गचिन्हासारख्या दिसणाऱ्या अपूर्णविरामापाशी तुटले तरी अर्थाला बाध येत नाही. मात्र यंत्राने ते ४७व्या स्थानी कापले, तर ‘सुबक कळ’ असा वर सांगितलेला विनोद घडतो, म्हणून शेवटचा शब्द अर्थाच्या दृष्टीने गमावता येण्याजोगा असावा, ही दक्षताही घ्यावी लागते.

येथेच मराठीच्या व्याकरणाचा प्रश्न उभा राहतो. वाक्य आखडण्याची मराठीतील स्वाभाविक युक्ती म्हणजे दोन पदे प्रत्ययाने जोडणे. त्यानुसार ‘उकडीच्या मोदकांची कृती’ असे आटोपशीर शीर्षक सहज सुचते. पण प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, म्हणजे त्याच्या अंत्य भागात बदल घडतो, आणि त्याच्या विशेषणालाही तसेच बदलावे लागते. या लहान शीर्षकात ‘उकडीचे’चे ‘उकडीच्या’ झाले आणि ‘मोदक’ला ‘मोदकांची’ हे रूप आले, म्हणजे वाचकाने शोधलेला ‘उकडीचे मोदक’ हा शब्दसमूह शीर्षकात उरलाच नाही. ‘मोदक’ किंवा ‘भाकरी’ या शब्दांत निदान मूळ शब्द रूपाच्या आत शाबूत राहतो. परंतु आंबा या शब्दाचे ‘आंब्याचे’, मासा या शब्दाचे ‘माशांचे’ आणि पाऊस या शब्दाचे ‘पावसाचे’ झाले की मूळ अक्षरमालिकाच मोडते. मोठ्या शोधयंत्रांना अशी रूपे काही प्रमाणात ओळखता येतात, तरी जेथे शब्दशः जुळणी होते तेथे ही ओळख कामी येत नाही, आणि यादीवरून डोळा फिरवणारा वाचकही आपण लिहिलेलेच रूप शोधत असतो. यावर उपाय म्हणजे शोधशब्द प्रथमा विभक्तीत, म्हणजे प्रत्यय न लागलेल्या रूपात, आरंभी ठेवून पुढे अपूर्णविराम देणे आणि उर्वरित विधान त्यानंतर मांडणे. असे केल्याने एखाददुसरा वर्ण अधिक लागतो, पण शब्द अभंग राहतो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ही रीत जुनीच आहे.

वर्णन आणि चित्रओळ

शीर्षकातून वगळलेला प्रसंग आणि साहित्य यांची भरपाई वर्णनाच्या पहिल्या वाक्यात करता येते. प्रस्तुत उदाहरणात ते असे होईल: ‘उकडीचे मोदक: तांदळाच्या पिठीची उकड, ओल्या नारळाचे आणि गुळाचे सारण, गणेश चतुर्थीच्या नैवेद्यासाठी.’ हे वाक्य ९७ संकेतबिंदूंचे आहे. तेच वाक्य इन्स्टाग्रामच्या चित्रओळीचा आरंभ होऊ शकते, आणि एक्सवर एक मोकळी जागा व दुव्याचे २३ वर्ण मिळवून ते १२१ पर्यंतच जाते, म्हणजे २८० पैकी निम्म्याहून अधिक जागा शिल्लक राहते. प्रत्येक मंचासाठी स्वतंत्र मजकूर लिहून तो शेवटी कापण्यापेक्षा, सर्वांत अरुंद मंचात मावेल असे एक पूर्ण वाक्य आधी तयार करणे आणि जेथे मुभा आहे तेथे त्यापुढे भर घालणे, ही पद्धत अधिक सुरक्षित ठरते. कारण तीत वाक्य वाढत जाते, तुटत नाही.

शोधशब्दाची पुनरुक्ती हा या बाबतीतील नेहमीचा मोह आहे. मराठीत पर्यायी शब्दही विपुल आहेत: कोणी ‘कृती’ शोधतो, कोणी ‘रेसिपी’, कोणी ‘करायचे’ लिहितो, कोणी ‘बनवायचे’. ही सारी रूपे शीर्षकात कोंबली तर १०० वर्ण भरतात आणि सांगण्यासारखे काही उरत नाही. शीर्षकात एकच रूप, पहिल्या वाक्यात तेच रूप, आणि पर्याय वर्णनाच्या पुढील सलग वाक्यांत, अशी विभागणी केली असता प्रत्येक रूपाला जागा मिळते. यूट्यूबवर स्वतंत्र खूणशब्दांसाठीही ५०० वर्णांची पेटी असते. शुद्धलेखनातील प्रचलित भेद, ‘उकडिचे’सारखी चुकीची पण अनेकदा लिहिली जाणारी रूपे, यांची योग्य जागा ती आहे, शीर्षक नव्हे.

तात्पर्य

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष असा की मराठी मजकुराच्या बाबतीत मंचाने छापलेला आकडा हा केवळ अर्धा नियम आहे. तो आकडा संकेतबिंदूंचा, बाइटांचा, दृश्य अक्षरांचा की रुंदीचा, हे कळल्याशिवाय तो लागू करता येत नाही. काटछाटीचा क्रम मात्र सर्व एककांना सारखाच लागू पडतो: शोधशब्द प्रथमेत आणि आरंभी, त्यानंतर त्या मजकुराचे वेगळेपण, आणि जे प्रत्येक मजकुराला लागू पडते ते बाहेर. हा क्रम पाळलेले ५० वर्णांचे शीर्षक १०० वर्णांच्या पेटीत, ७० वर्णांच्या लघुसंदेशात आणि ३०० अक्षरांच्या नोंदीतही न कापता बसते. १०९ वर्णांचे शीर्षक मात्र पहिल्या पेटीतच अडते.